ग्राहकाच्या उत्तराची वाट बघताना एसएलएचं घड्याळ कधी थांबवायचं?

नमस्कार मंडळी. आज एकच तिकीट घेऊन बसूया.

सोमवारी सकाळी १० वाजता ग्राहकाचं तिकीट येतं: "इनव्हॉइसची पीडीएफ निघत नाहीये." कराराप्रमाणे ते कामाच्या ८ तासांत सुटायला हवं. आपला डेस्क ९ ते ६ चालतो. घड्याळ सलग चाललं, तर त्याच संध्याकाळी ६ ला मुदत संपते.

एजंट १२ वाजता विचारतो, "नेमक्या कुठल्या इनव्हॉइसला होतंय? नंबर आणि एररचा स्क्रीनशॉट पाठवा." उत्तर येतं मंगळवारी दुपारी ४ ला. मधला वेळ आपल्या खात्यावर मांडणं अन्याय आहे, कारण नंबर मिळाल्याशिवाय हात हलवता येत नव्हता. म्हणून १२ ला घड्याळ थांबतं. तोवर २ तास गेलेत. मंगळवारी ४ ला ते पुन्हा सुरू होतं, ६ पर्यंत आणखी २ तास जातात, उरतात ४. नवी मुदत बुधवारी दुपारी १.

[स्क्रीनवर: एसएलएची सेटिंग]

जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये हे असं बसवतात. `Time to resolution` उघडा. घड्याळ कशावर सुरू होतं, कशावर थांबतं आणि कशावर संपतं, असे तीन कप्पे दिसतील. मधल्या `Pause on` मध्ये `Status: Waiting for customer` निवडा. झालं. पहिल्या उत्तराच्या घड्याळाला मात्र विराम देऊ नका. ग्राहकाला आपण अजून काही विचारलेलंच नाही, तर त्याची वाट कसली बघायची? सामान पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे काम अडलं असेल, तेही या खात्यात टाकू नका. ती कंपनी आपण निवडलीय, ग्राहकाने नाही.

थांबवणं सोपं असतं. खरी गंमत घड्याळ पुन्हा सुरू करताना होते.

ग्राहकाने पोर्टलवर किंवा मेलने उत्तर दिलं, की ऑटोमेशनचा नियम स्टेटस बदलून `Waiting for support` करतो आणि घड्याळ चालू लागतं. पण ग्राहकाने फोन केला तर? एजंट ऐकून घेतो, अंतर्गत नोंद लिहितो आणि स्टेटस तसंच ठेवतो. आता ग्राहकाला वाटतं काम चाललंय, आपल्या पडद्यावर मात्र घड्याळ गाढ झोपलेलं. किंवा ग्राहकाच्या अकाउंटंटने स्वतःच्या पत्त्यावरून मेल केला, आणि सेटिंग तशी असेल तर त्याचं वेगळंच तिकीट तयार झालं. जुनं तिथेच पडून.

ही तिकिटं शोधायला रोज सकाळी मी हे चालवतो:

```
status = "Waiting for customer" AND NOT status changed AFTER -2d
```

इथे `updated` वापरू नका. फोननंतर लिहिलेल्या त्या अंतर्गत नोंदीनेही `updated` ताजं होतं, आणि नेमकं हवं असलेलं तिकीट यादीतून निसटतं.

आता थोडं कडू बोलतो. मी ज्या टीममध्ये होतो, तिथे ७ तास ४५ मिनिटं झाली की अचानक प्रश्न सुचायचे. "कुठला ब्राउझर वापरता?" पीडीएफ सर्व्हरवर तयार होते, ब्राउझरचा काय संबंध? पण घड्याळ थांबायचं आणि महिन्याचा अहवाल हिरवागार यायचा. असा विराम ओळखायचा असेल तर तो मुदतीच्या किती जवळ लागलाय ते बघा, आणि विचारलेली गोष्ट पहिल्याच तासात विचारता आली असती का, हेही बघा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच स्टेटसमध्ये गेलेली तिकिटं आधी उघडा. आम्ही शेवटी साधा नियम केला: ज्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय पुढचं पाऊल पडत नाही, त्याच प्रश्नावर थांबायचं, आणि लागणारं सगळं एकदाच मागायचं.

बरं, ग्राहकाने नुसतं "उद्या बघून सांगतो" लिहिलं तरी तो कमेंटच. घड्याळ सुरू होईल. तेव्हा पुन्हा `Waiting for customer` करण्यात काही गैर नाही.

आपलं सोमवारचं तिकीट समजा बुधवारी बरोबर १ ला सुटलं. एसएलएच्या हिशेबाने ८ तास, भिंतीवरच्या घड्याळाने ५१. ग्राहकाने भोगले ते ५१. अहवालात दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा. त्यातले २८ तास त्याच्या उत्तराची वाट बघण्यात गेले, हेही मग त्याला दिसतं.

आणि उत्तर आलंच नाही, तर दोनदा आठवण करून करारात लिहिलेल्या दिवसांनंतर तिकीट बंद करा. मात्र बंद केल्याच्या मेलला ग्राहकाने उत्तर दिलं, तर तेच तिकीट उघडलं पाहिजे. हे एकदा स्वतःच्या खाजगी मेलवरून मेल टाकून तपासून बघा.