महाबळेश्वरला धो धो, मग वाईला का नाही?

मंडळी, आधी एक गैरसमज काढून टाकू. ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. उकळत्या किटलीच्या तोंडाला लागून बोटभर जागा रिकामी दिसते, तिथे खरी वाफ असते. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ढगही थेंबांचाच.

हे इथे टेबलावरच करून बघू. ही प्लास्टिकची पारदर्शक बाटली, तळाशी दोन चमचे कोमट पाणी. झाकण घट्ट लावायचं, बाटली जोरात दाबायची आणि एकदम सोडायची. फारसं काही दिसलं नाही. आता विझवलेल्या काडीचा थोडा धूर आत घेऊ. पुन्हा दाबली, सोडली, आणि आत धुकं! दाबली की ते गायब. दाब सुटला की हवा फुगते आणि फुगताना थंड होते. वाफेला पाणी होऊन चिकटायला धुराचे कण आयते मिळाले. आभाळात हे काम धूळ, धूर आणि समुद्राचं मीठ करतं. घरी करताना पाणी फार गरम घेऊ नका, बाटलीच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि धुकं दिसत नाही.

आता बाटलीच्या जागी सह्याद्री घ्या. जुलैत कोकणात शिरणारी हवा साधारण 28 अंशांची धरू, आणि एक किलो हवेत 20 ग्रॅम वाफ. समोर डोंगर आडवा आला की ती वर चढते. वर दाब कमी, म्हणून फुगते आणि दर 100 मीटरला 1 अंश थंड होते. 400 मीटरच्या आसपास तिला ही वाफ पेलवेनाशी होते. तोच ढगाचा तळ. पुढे ती सावकाश थंड होते, 100 मीटरला जेमतेम 0.4 अंश, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. महाबळेश्वरच्या 1350 मीटर उंचीला ती 20 अंशांवर पोचते आणि तिच्यात 17 ग्रॅम वाफच मावते. म्हणजे किलोमागे पाणी सुटलं 3 ग्रॅम.

एवढंसंच? पण वारा थांबत नाही. एक किलोमीटर जाडीचा हवेचा थर सेकंदाला 10 मीटर वेगाने येत राहिला आणि सुटलेलं सगळं पाणी 20 किलोमीटरच्या पट्ट्यात पडलं, तर दिवसाला 140 मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. हा ढोबळ हिशेब आहे, पण महाबळेश्वरच्या जुलैला तो शोभतो.

मात्र पाणी सुटलं म्हणजे पाऊस पडला असं नाही, आणि खरी मेख इथे आहे. ढगातला थेंब 0.02 मिलिमीटरचा असतो. तो सेकंदाला एखादा सेंटिमीटर खाली येतो. वर जाणारा वारा त्याला सहज उचलून धरतो, आणि तो ढगाबाहेर आलाच तर वाटेतच विरतो. पावसाचा 2 मिलिमीटरचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. सगळे एकाच आकाराचे असतील तर ते सारख्याच वेगाने पडतात आणि एकमेकांना गाठत नाहीत. थोडे तरी मोठे हवेत. मिठाच्या जाड कणांवर तसे थेंब धरतात, ते भरभर खाली येतात आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातात. धुराचे कण बेसुमार असले तर तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं आणि ढग दाटूनही पाऊस रेंगाळतो. महाबळेश्वरला ढग जमिनीलाच टेकतात, म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 साली ढगांची प्रयोगशाळा तिथे थाटली.

आता रस्त्याने तीसेक किलोमीटरवरची वाई. पाणी सांडून आलेली हवा इथे 650 मीटर खाली उतरते, दबते आणि तापते. 20 अंशांची साडेसव्वीस होते. आता तिच्यात 24 ग्रॅम वाफ मावेल, पण आहेत 17. उरलेसुरले थेंबही विरतात. वर्षाला महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वाईत हजाराच्याही आत.

वाईकडच्या वळवाची तऱ्हा वेगळी. मे महिन्यात जमीन तापते, हवा डोंगराची वाट न बघता सरळ उभी चढते आणि ढग पाच-साडेपाच किलोमीटरच्या वर, गोठणाऱ्या थरात घुसतो. तिथे बर्फाचे कण थेंबांच्या तोंडची वाफ ओढून भराभर वाढतात आणि जड होऊन खाली येतात. बहुतेक वाटेत वितळतात, म्हणून वळवाचे पहिले थेंब टपोरे आणि गार लागतात. जे वितळत नाहीत, त्या गारा.