जंतांसाठी पंचांग, कॉक्सिडियासाठी सूक्ष्मदर्शक

मंडळी, पत्रिकेवर ‘जंतनिर्मूलनाचे वेळापत्रक’ असे छापले आहे आणि त्या वेळापत्रकापर्यंत मी येणारच आहे. परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. मांजरीच्या पिल्लाला पातळ शी झाली की आपल्याकडे पहिला हात जंतांच्या औषधाच्या बाटलीकडे जातो.

एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेली, सुमारे पाच आठवड्यांची तीन पिल्ले घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले. पिल्लांची वजने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास होती. शी पातळ आणि शेंबडासारखी होती, एकीच्या शीत रक्ताचा धागाही होता. नऊ दिवसांत त्यांनी जंतांचे औषध तीनदा पाजले होते, आणि ‘मात्रा कमी पडली असेल’ म्हणून दर खेपेला थोडे वाढवून. तपासणीसाठी त्यांनी विष्ठा काडीपेटीतून आणली होती. ही आपली फार जुनी परंपरा आहे, परंतु पुठ्ठा ओलावा शोषून घेतो आणि माझ्या हाती खडा लागतो. मी त्यांना झाकणाची डबी देऊन ताजा नमुना आणायला पाठवले.

तो नमुना मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून गाळला, नळी काठोकाठ भरून वर काचपट्टी ठेवली आणि पंधरा मिनिटांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. जाड, खडबडीत कवचाची गोलकृमीची अंडी एकही नव्हती. पातळ भिंतीच्या लंबगोल पुटी मात्र भरपूर होत्या. तो सिस्टोआयसोस्पोरा, म्हणजेच मांजरांतला कॉक्सिडिया. हा एकपेशीय जीव आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरून वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. पायरँटेल हे औषध जंताच्या स्नायूंना लकवा आणते. ज्याला स्नायूच नाहीत त्याला लकवा कसा मारणार?

‘म्हणजे जंत नव्हतेच!’ असे ते गृहस्थ आनंदाने म्हणाले. तेही खरे नव्हते. टॉक्सोकारा कॅटी हा गोलकृमी पिल्लाला आईच्या दुधातून मिळू शकतो. अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि दुधाबरोबर उतरतात. कुत्र्याप्रमाणे गर्भातच लागण होणे मांजरात आढळत नाही. पोटात आलेला कृमी वाढून अंडी घालू लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे पाच आठवड्यांच्या पिल्लाचा नमुना स्वच्छ निघाला तरी पोटात जंत असू शकतात. म्हणून जंतांचे औषध पंचांग पाहून द्यायचे आणि कॉक्सिडियाचे सूक्ष्मदर्शक पाहून. त्यातही तारतम्य हवे, कारण घट्ट शी करणाऱ्या, खेळत्या पिल्लांच्या विष्ठेतही या पुटी दिसतात आणि अशा प्रत्येकाला औषधाची गरज नसते.

या तिघांना सल्फाचे औषध सुरू केले. चौकशीत कळले की ‘अशक्तपणा जावा’ म्हणून त्यांना रोज म्हशीचे दूध पाजले जात होते. त्यातली दुग्धशर्करा पिल्लांना नीट पचत नाही, ती आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. दूध बंद करून भिजवलेला पिल्लांचा आहार थोडा थोडा, अनेकदा द्यायला सांगितला. आठवड्यात तिघेही सुधारले. दोन्ही उपाय एकदमच केल्यामुळे श्रेय एकट्या औषधाला देणे मला मान्य नाही. वाळूची ट्रे मात्र रोज साफ करून उकळत्या पाण्याने धुवायला लावली, कारण ताज्या शीतली पुटी लगेच लागण करत नाही, पण आपल्या दमट हवेत एखाद्या दिवसातच ती त्या अवस्थेला पोहोचू शकते. ब्लीचने ती मरत नाही आणि फिनेल मांजरांना विषारी असते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे, तेव्हा वेळापत्रक भरभर सांगतो. पहिली मात्रा तिसऱ्या आठवड्यात आणि नंतर दर दोन आठवड्यांनी, दूध तुटल्यावर दोन आठवडे होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा. पुन्हा पुन्हा देण्याचे कारण असे की पायरँटेल आतड्यातल्या कृमींवर चालते, शरीरात फिरणाऱ्या अळ्यांवर नाही. मात्रा वजनावर ठरते: किलोला 10 मिलिग्रॅम धरले आणि बाटलीत मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असेल, तर साडेचारशे ग्रॅमच्या पिल्लाला 0.09 मिलिलिटर. हे चमच्याने मोजता येत नाही, एक मिलिलिटरची सिरिंज घ्या आणि औषधाची ताकद डॉक्टरांकडून तपासून घ्या.

शी पातळ असून पिल्लू खेळत असेल तर नमुना घेऊन या. ते दूध पिईनासे झाले असेल, उलट्या करत असेल किंवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन उतरताना दिसत असेल, तर नमुन्यासाठी थांबू नका, पिल्लूच घेऊन या. तो पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजारही असू शकतो. आणि पिल्लांना औषध द्याल त्या दिवशी त्यांच्या आईलाही द्या, तिला नेहमी विसरले जाते.