पोटदुखी प्रत्येक वेळी पित्ताचीच नसते

(रत्नागिरीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मधुमेहावरची ग्लिप्टिनची गोळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे, त्यामुळे ती काय करते ते सांगत बसत नाही. आपल्याकडे पोटात दुखलं की पित्त ठरतं आणि कोकमाचं आगळ बाहेर येतं, त्याविषयी मात्र मला बोलायचंच आहे.

गुहागरकडच्या एक आजी, वय 68. मुंबईचा लेक जुन्या चिठ्ठीवर सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या धाडायचा. सिटाग्लिप्टिन 100 मिलिग्रॅम, रोज एक. एका रात्री बेंबीच्या वर दुखायला लागलं. कळ थेट पाठीत जात होती. उलट्या थांबेनात, आणि उलटी होऊनही बरं वाटेना. उताणं झोपलं की वाढायचं, पुढे वाकून बसलं की जरा कमी. घरच्यांनी दोन दिवस पित्ताच्या गोळ्या दिल्या. अहो, पित्ताची जळजळ अशी सलग, पाठीतून आरपार जात नाही! रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, कमाल मर्यादेच्या तिपटीहून बरंच वर निघालं. स्वादुपिंडाला सूज होती. पित्ताशयात खडे नाहीत, ट्रायग्लिसराइड ठीक, दारूचा प्रश्नच नाही. गोळी बंद केली, ती कायमची. गोळीमुळे असं क्वचितच होतं, पण अशी कळ आली की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

त्यांच्या जुन्या कागदांत क्रिएटिनिन 1.6 होतं. 'थोडं वाढलंय' म्हणून कुणी थांबलंच नाही. पण 68 वर्षांच्या बाईला 1.6 म्हणजे ईजीएफआर, मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा, जेमतेम 35. त्या गोळीची मात्रा निम्मी व्हायला हवी होती. जास्त मात्रेमुळेच सूज आली, असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण या गोळीचा बराचसा भाग लघवीवाटे जातो; मूत्रपिंड मंदावलं की ती रक्तात साठते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मुख्य विषय, मूत्रपिंडानुसार गोळीची मात्रा, आता भरभर सांगतो. सिटाग्लिप्टिन: ईजीएफआर 45 किंवा वर असेल तर 100, 30 ते 45 मध्ये 50, तीसच्या खाली 25. विल्डाग्लिप्टिन एरवी 50 दोनदा, मूत्रपिंड मध्यम बिघडलं की एकदाच. लिनाग्लिप्टिन मुख्यतः पित्त-आतड्यावाटे जातं, म्हणून 5 ची मात्रा तशीच राहते. मात्र स्वादुपिंडाच्या सुजेची सूचना तिलाही लागू आहे, मूत्रपिंडाला चालते म्हणून पोटदुखीत निर्धास्त राहू नका. एकाच गोळीत दोन औषधं असलेली जोडगोळी असेल तर आतलं मेटफॉर्मिनही बघा. तीसच्या खाली ते बंदच करतात. गोळी स्वतःहून अर्धी करू नका, चिठ्ठीवर ईजीएफआर आणि तारीख मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मागच्या ताई विचारतायत, डायलिसिस चालू असेल तर? सिटाग्लिप्टिन 25 च, डायलिसिसच्या आधी घेतली काय नि नंतर काय, चालते.