‘फक्त’ या शब्दानंतर

अध्यक्षांनी विषय सांगितलाच आहे: विकणाऱ्याने पाठवलेली व्हॉइस नोट ऐकून वस्तूची नीट, भाग पाडलेली जाहिरात कशी लिहायची. भागांबद्दल मी बोलणार आहे, शब्द देतो. पण आधी थोडं ऐकण्याबद्दल. भाग पाडणं सोपं असतं, घोळ होतो तो ऐकतानाच.

एक नमुना घेऊ. मी तो मुद्दाम जुळवलाय, पण अशा नोटा तुम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये असतील. कपडे धुण्याचं फ्रंट लोड मशीन विकायचं आहे. विकणारा म्हणतो: “हां, तर मशीन सात किलोचं आहे, का साडेसहा, बघावं लागेल. पाचेक वर्षं झाली असतील, ताई नव्या घरात गेली त्या सुमाराला घेतलं. एकदम मस्त चालतं, काही प्रॉब्लेम नाही. फक्त स्पिनला जरा आवाज येतो, पण तो पहिल्यापासूनच आहे. मध्यंतरी पाणी जात नव्हतं, माणूस आला, त्याने काहीतरी बदललं. रबर थोडं काळं पडलंय, ते काय सगळ्यांचंच पडतं. पाइप आहेत. ते बोल्ट असतात ना, ते कुठेतरी असतील. आणि हो, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही.”

हसू नका, नोट उत्तम आहे. लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात आहे, फक्त उलट्या क्रमाने आणि लाडीगोडीने. (मीही ‘फक्त’ म्हणालो बघा.)

आता माझी जुनी तक्रार. लिहिणारे ही नोट एकदा ऐकतात आणि लिहून मोकळे होतात: ‘7 किलो, 5 वर्षं जुनं, उत्तम स्थिती.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या! ‘का साडेसहा’ गळलं, ‘पाचेक’चे नेमके पाच झाले आणि ‘एकदम मस्त’ हे विकणाऱ्याचं मत वस्तूचा गुण होऊन बसलं. म्हणून पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत एका ओळीत एकच विधान उतरवा, बोललं तसंच. मग प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. ‘ब’ म्हणजे बघितलेलं, ‘आ’ म्हणजे आठवलेलं, ‘म’ म्हणजे मत. रबर काळं आहे, हे ‘ब’. पाचेक वर्षं, हे ‘आ’. सगळ्यांचंच पडतं, हे ‘म’. ‘म’च्या ओळी जाहिरातीत जात नाहीत. ‘आ’ गेली तर ‘अंदाजे’ घेऊनच जाते. ताईचं नवं घर जाहिरातीत नको, पण ते लगेच खोडू नका. वर्ष काढायला तोच धागा आहे: ताई कोणत्या साली गेली, एवढं विचारलं की खरेदीचं साल हाती लागतं.

आणि आता तो शब्द. फक्त. तसं. जरा. बाकी. पण. हे शब्द आले की पेन उचला, दोष त्यांच्या मागेच उभा असतो. आपल्याकडे दोष सांगण्याची रीतच ही: आधी कौतुक, मग ‘फक्त’. इथे ‘स्पिनला जरा आवाज’. नवशिक्या लिहितो, ‘थोडा आवाज येतो, बाकी ठीक’. जरा जाणता लिहितो, ‘बेअरिंग गेलं आहे’. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण हे निदान विकणाऱ्याने केलेलंच नाही. मशीन रिकामं ठेवून स्पिनवर लावायला सांगा आणि अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून मागा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंगचा संशय घ्यायला जागा आहे. खणखण असेल तर नाणं किंवा ब्राची तार आत अडकलेली असू शकते. मशीन थडथडत जागचं सरकत असेल तर आधी पाय समतल आहेत का ते पाहा. मशीन बंद करून, प्लग काढून ड्रमची आतली कड हाताने वर उचलायला सांगा. बाहेरची टाकी तशीच राहून नुसता ड्रम खुळखुळला तर संशय बळावतो. एवढं करूनही जाहिरातीत मात्र ऐकलेलंच लिहायचं: ‘रिकामं असताना स्पिनमध्ये घरघर येते, वेगाबरोबर वाढते. रेकॉर्डिंग मागितल्यास पाठवू.’ ‘पहिल्यापासून आहे’ हे वाक्य मी गाळतो. ते खरं असेलही, पण घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

बोल्टांचंही तसंच. फ्रंट लोडच्या मागच्या बाजूला वाहतुकीचे बोल्ट लावायची सोय असते, बहुतेक मशिनांना चार. हलवताना ते टाकी घट्ट धरून ठेवतात. ते नसले तर आतली जड टाकी हेलकावते आणि स्प्रिंग, डॅम्पर यांना मार बसू शकतो. तेव्हा ‘कुठेतरी असतील’ याचा अर्थ फोटो येईपर्यंत ‘नाहीत’ असाच घ्यायचा. पाण्याची दुरुस्ती? पावती मिळाली तर काय बदललं ते लिहा, नाहीतर सरळ लिहा: ‘पाणी न जाण्याची दुरुस्ती एकदा झाली, बदललेला भाग माहीत नाही.’ या ओळीने गिऱ्हाईक पळतं असं तुम्हाला वाटत असेल. जे पळतं ते नाहीतरी तीन मजले चढून वर येऊन पळालं असतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भाग राहिलेच की! पटापट सांगतो.

आधी विकणाऱ्याला परत प्रश्न पाठवा, पण पाचच, आणि शक्यतो फोटोने उत्तर देता येतील असे. माहितीच्या पट्टीचा फोटो (ती बहुधा दाराच्या आतल्या कडेला किंवा मागे असते, साडेसहा की सात हा वाद तिथेच मिटतो), रबराची घडी उघडून फोटो, बोल्टांचा फोटो, पावती आणि ते रेकॉर्डिंग. रबराचा डाग आणि रबराची चीर यांत फरक आहे. डाग दिसायला वाईट, चिरेतून पाणी गळतं.

मग भाग. शीर्षकात प्रकार, क्षमता, मॉडेल. पुढे ‘वस्तू’, म्हणजे पट्टीवरचं सगळं आणि मापं. खोली मोजताना मागचे पाइप धरूनच मोजा. त्यानंतर ‘दोष’, तळाशी नाही, ‘वस्तू’च्या लगेच खाली. मग ‘झालेली दुरुस्ती’. मग ‘सोबत काय मिळेल, काय नाही’, यात बोल्ट. शेवटी ‘नेण्याची व्यवस्था’, यात तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि वजन. आत काँक्रीटचे जड ठोकळे असल्यामुळे अशी मशिनं साठ-सत्तर किलोची सहज भरतात, एकट्याने उचलायचं काम नाही. एक गोष्ट एकाच भागात. आवाज दोषांत लिहिला की दुरुस्तीत पुन्हा नको, नाहीतर वाचणाऱ्याला दोन आवाज वाटतात.

एखाद्या भागासाठी नोटेत काहीच नसेल तर तो रिकामा ठेवू नका आणि भरूही नका. विचारा. उत्तर आलं नाही तर ‘माहीत नाही’ लिहा. लिहून झालं की विकणाऱ्याला फोनवर वाचून दाखवा. दोषांच्या भागात आवाज थोडा हळू करा, तिथेच त्याला आणखी एखादं ‘फक्त’ आठवतं. आणि मशीन विकलं जाईपर्यंत मूळ नोट पुसू नका. हां, उठतो, उठतो.