सक्शनचं रजिस्टर आणि एका ओळीचा रेझ्युमे

[दृश्य: आयसीयू, पहाट, व्हेंटिलेटरवरचा पेशंट, ग्लोव्हजमधले हात]

हे हात नवीन स्टाफ सिस्टरचे आहेत, सक्शन करतायत, म्हणजे पेशंटच्या श्वासनळीतल्या नळीतून कफ ओढून काढतायत. आणि मागे, बेडच्या पायथ्याशी, घड्याळाकडे बघत उभ्या आहेत त्या इन्चार्ज. बघताना वाटेल त्या नुसत्याच उभ्या आहेत, पण त्या सेकंद मोजतायत. सक्शनच्या आधी शंभर टक्के ऑक्सिजन दिला का, कॅथेटर आत जाताना सक्शन बंद आहे ना, बाहेर काढतानाच चालू झालं ना आणि सगळं पंधरा सेकंदांच्या आत आटपलं ना. मॉनिटरवर सॅच्युरेशन घसरायला लागलं की त्या एवढंच म्हणतात, "थांब गं."

[दृश्य: टेबल, प्रिंट काढलेला रेझ्युमे]

आणि हा त्यांचाच रेझ्युमे, नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या पोस्टसाठी केलेला. जीएनएम, मग पोस्ट बेसिक बीएससी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं व्यवस्थित आहे. आणि अकरा वर्षांच्या आयसीयूबद्दल ही ओळ बघा, "ज्युनिअर नर्सेसच्या कामावर देखरेख केली." बास. आत्ता पाहिलेली ती पहाट या ओळीत कुठेच नाही. देखरेख म्हणजे ड्युटी लावणं, रजा बघणं, राऊंडला हजर राहणं असंच वाचणारा समजणार ना.

[दृश्य: निळ्या कव्हरचं रजिस्टर, पानं उलटणारा हात]

खरी गोष्ट या रजिस्टरमध्ये आहे. नवीन स्टाफ जॉईन झाला की प्रत्येकीची चेकलिस्ट भरायची, तारीख, कोणती स्टेप चुकली, पुन्हा कधी बघितलं, आणि खाली सही. सिस्टरांनी दोन रविवार बसून फक्त सक्शनची पानं मोजली, बाकी स्किल्स मुद्दाम बाजूला ठेवल्या, कारण एक नीट मांडली तर उरलेल्या त्याच साच्यात बसतात. निघालं ते असं की दोन वर्षांत ९ नवीन सिस्टर, प्रत्येकीचं तीनदा बेडसाईडला थेट निरीक्षण, पहिल्या वेळी सगळ्या स्टेप बरोबर फक्त ४ जणींच्या. उरलेल्या ५ जणींची चूक बहुतेक एकच होती, आधी ऑक्सिजन द्यायचा राहून जातो. त्यांना पुन्हा करून दाखवलं, पुन्हा बघितलं, ४ जणी पास झाल्या आणि एकीला त्यांनी सही दिली नाही, तिने पुढचा महिनाभर सोबत कोणी असल्याशिवाय सक्शन केलं नाही.

ती न दिलेली सही सिस्टर रेझ्युमेतून काढून टाकणार होत्या, वाईट दिसेल म्हणून. आम्हाला विचाराल तर अख्ख्या पानातली सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे. सगळ्यांनाच पास करणारी व्यक्ती मूल्यमापन करत नसते, नुसतं रजिस्टर भरत असते.

[दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, ओळ टाईप होतेय]

आता नवीन ओळ: "एंडोट्रॅकियल सक्शन: ९ नवीन स्टाफ नर्सेसचं हॉस्पिटलच्या १२ मुद्द्यांच्या चेकलिस्टवर प्रत्येकी ३ वेळा थेट निरीक्षण, ५ जणींना पुन्हा प्रशिक्षण, त्यातल्या ४ पास, एकीला स्वतंत्र कामाची परवानगी नाही." कॉलेजवाले याला डॉप्स म्हणतात, म्हणजे प्रोसिजर चालू असताना समोर उभं राहून केलेलं मूल्यमापन. सिस्टर ते वर्षानुवर्षं करत होत्या, नाव माहीत नव्हतं एवढंच. पण पद्धत तीच असली तरी फॉर्म हॉस्पिटलचाच होता, म्हणून रेझ्युमेत डॉप्स हा शब्द घातला नाही.

अजून दोन गोष्टी त्यांनी स्वतःच कापल्या. पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं "चेकलिस्ट तयार केली", पण चेकलिस्ट ट्रेनिंग विभागाची, यांनी फक्त वापरली, म्हणून तो शब्द गेला. आणि "४० विद्यार्थिनींना शिकवलं" हेही गेलं, कारण त्या मुली त्यांच्या ड्युटीवर होत्या खऱ्या पण लॉगबुकवर सह्या कॉलेजच्या मॅडमच्या होत्या. इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारलं की ती पास झाली हे तुम्ही कशावरून ठरवलं, तर उत्तर नसलेला आकडा तिथेच उघडा पडतो.

[दृश्य: झेरॉक्स मशीन, मग मेट्रनच्या टेबलावरचं पत्र]

रजिस्टर हॉस्पिटलचं, त्यात पेशंटची नावं, बेड नंबर. ते पान मोबाईलवर फोटो काढून रेझ्युमेला जोडायचं नाही, हे सिस्टरांना कोणी सांगावं लागलं नाही. मेट्रनबाईंनी रजिस्टरशी आकडे ताडून लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या, सही-शिक्का.

इंटरव्ह्यू झाला, नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी आहे.

[दृश्य: आयसीयू नर्सिंग स्टेशन, कपाट]

आणि ते निळं रजिस्टर अजून इथेच आहे, नवीन इन्चार्जच्या कपाटात, शेवटच्या पानावर आता वेगळं अक्षर.