कपातलं पाणी

[काचेचं मोजपात्र. एक सुरकुतलेला हात पाण्याने भरलेला चहाचा कप त्यात ओततो.]

१३० मिलिलिटर.

हा आजींचा रोजचा कप. किती चहा पिता असं विचारलं की प्रत्येक जण "एक कप" म्हणतो, आणि प्रत्येकाचा कप वेगळा असतो. म्हणून आम्ही चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी आधी कप मोजला, मग पाण्याचा पेला, मग रात्रीच्या दुधाचा मग.

आजींचं वय ७९. हिंडत्याफिरत्या आहेत, वाचतात, हिशोब तोंडी करतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी चहा जवळजवळ सोडला. सकाळचा एक कप ठेवला, दिवसभरातले बाकीचे चार बंद. संध्याकाळची कॉफीही गेली. कारण घरात सगळ्यांनी एकच ऐकलं होतं की चहा-कॉफीने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी उलट बाहेर जातं, त्यामुळे ते पाण्यात धरायचंच नसतं. लेकीने काळजीपोटी सांगितलं, आजींनी मुकाट्याने ऐकलं.

[वहीचं पान. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.]

ही लेकीच्या हातची वही. डाव्या बाजूला पूर्वीचा दिवस, आठवून लिहिलेला. उजव्या बाजूला आताचा, आमच्यासमोर मोजलेला.

पूर्वी पाच कप चहाचे ६५० मिलिलिटर व्हायचे. कॉफीचे १५०. दिवसभराचं पाणी ६०० आणि रात्रीचं दूध १५०. एकूण १५५०. युरोपातल्या एस्पेन या पोषणविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेत वयस्क स्त्रीसाठी दिवसाला किमान १.६ लिटर पेय सांगितलं आहे आणि पुरुषासाठी २ लिटर. त्या सूचनेत चहा-कॉफी पेयातच मोजली आहे. म्हणजे चहा पिणाऱ्या आजी त्या आकड्याला फक्त ५० मिलिलिटर कमी होत्या.

आता उजवी बाजू बघा. चहा १३०, पाणी तेच ६००, दूध १५०. एकूण ८८०.

पाण्याची ओळ दोन्हीकडे तीच आहे. चहा-कॉफीचे ६७० मिलिलिटर गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. लेकीला वाटलं होतं की चहा सुटला की आई आपोआप पाणी जास्त पिईल. तरुण माणूस प्यालाही असता. आजी मात्र लेकीला म्हणाल्या, "मला तहानच लागत नाही गं."

[डोक्याच्या आतली रेखाकृती. मेंदूच्या तळाशी एक ठिपका उजळतो.]

त्या खरं सांगत होत्या. तहान घशात लागते असं वाटतं, पण तिची मुख्य चौकी मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये असते. तिथल्या पेशी रक्त किती दाट झालंय, म्हणजे पाण्याच्या मानाने त्यात विरघळलेले क्षार किती आहेत, हे सारखं तपासत असतात. दाटपणा थोडा जरी वाढला तरी त्या एकाच वेळी दोन कामं करतात. माणसाला पाणी मागायला लावतात आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतात. म्हातारपणी यातलं पहिलं काम मंदावतं.

१९८४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. सात निरोगी तरुण आणि सात निरोगी वयस्क पुरुष. सगळ्यांना २४ तास पाणी दिलं नाही. मग हवं तेवढं प्या म्हणून समोर ठेवलं. वयस्कांच्या रक्तातला दाटपणा तर चांगलाच वाढलेला होता, तरी त्यांना तहान कमी जाणवली, तोंड कमी कोरडं वाटलं आणि ते पाणीही कमी प्यायले. तरुणांनी पिऊन रक्त पुन्हा ठिकाणावर आणलं, वयस्कांनी आणलं नाही. सगळे धडधाकट होते, हे विसरायचं नाही. आजार नसतानाही ही घंटा हळू वाजते.

[दोन काचपात्रं. एकात गडद पिवळा द्रव, दुसऱ्यात फिकट आणि जास्त.]

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. हे दृश्य आम्ही मुद्दाम उभं केलं, कारण सांगून ते पटकन कळत नाही. शरीराला रोज क्षार आणि युरिया बाहेर टाकायचे असतात आणि ते पाण्यातूनच जातात. मूत्रपिंड लघवी जितकी दाट करू शकेल तितकं पाणी वाचतं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत बारा तास पाणी न घेतलेल्या पुरुषांच्या लघवीचा दाटपणा पाहिला होता. विशी-तिशीतल्यांचा सरासरी लिटरभर पाण्यामागे ११०९ एकक भरला, साठ ते एकोणऐंशी वयाच्यांचा ८८२. आता दिवसाचा कचरा ६०० एकक धरा. तरुण मूत्रपिंड तो ५४० मिलिलिटर पाण्यात बाहेर काढेल. वयस्क मूत्रपिंडाला त्याच कामाला ६८० लागतील.

फरक १४० मिलिलिटरचा. आजींच्या एका कपाहून थोडा जास्तच.

त्यात साठाही लहान झालेला असतो. पाणी मुख्यतः स्नायूंत राहतं आणि वयाबरोबर स्नायू झिजतात. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. स्त्रियांमध्ये त्याहूनही कमी.

[हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरली जाते. सोडल्यावर घडी तशीच राहते.]

ही चिमूट अनेकांनी पाहिली असेल. कातडी लगेच खाली बसली नाही तर पाणी कमी, असं सांगतात. लहान मुलात तिचा उपयोग होतो. ७९ वर्षांच्या हाताची कातडी मात्र भरपूर पाणी प्यायल्यावरही अशीच उभी राहते, कारण तिचा ताणच गेलेला असतो. लघवीचा रंगही इथे भरवशाचा नाही, कारण मूत्रपिंड दाट लघवी करेनासं झालं की पाणी कमी असतानाही रंग फिकट दिसू शकतो. कोरडं तोंड एखाद्या गोळीमुळेही होतं. म्हणून एस्पेनची सूचना स्पष्ट म्हणते की वयस्क माणसात या खुणांवरून ठरवू नका, रक्त बघा.

[प्रयोगशाळा. रक्तद्रवाचा थेंब यंत्रात जातो. यंत्राच्या पडद्यावर आकडा.]

हे यंत्र नमुना गोठवतं. द्रवात विरघळलेलं जितकं जास्त, तितका तो खालच्या तापमानाला गोठतो आणि त्यावरून दाटपणा कळतो. रक्ताचा दाटपणा याच एककात ३००च्या वर गेला तर पिण्यातून मिळणारं पाणी कमी पडतंय असं धरतात. आजींचा आकडा ३०३.

असं यंत्र सगळीकडे नसतं. पण नेहमीच्या तपासणीतले चार आकडे घेऊन हिशोब करता येतो, आणि तो आम्हाला दाखवायचाच होता. आजींचं सोडियम १४२, पोटॅशियम ४.३, साखर ५.८, युरिया ७.५, सगळे लिटरमागे मिलिमोलमध्ये. चारही आकडे अहवालात सामान्य मर्यादेच्या आत छापले होते. एकाही आकड्यापुढे खूण नव्हती. आता सोडियम आणि पोटॅशियमची बेरीज १.८६ ने गुणा, साखर १.१५ ने गुणून त्यात मिळवा, मग युरिया मिळवा आणि शेवटी १४. उत्तर येतं ३००.३. या हिशोबाची सीमा २९५ आहे. एकेकटा आकडा गप्प होता, बेरीज बोलली.

असंच चालू राहिलं तर बद्धकोष्ठता, चक्कर येऊन पडणं, अचानक गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

[उकळतं पाणी. चहाचा रंग हळूहळू त्यात उतरतो.]

मग चहाबद्दलचा तो समज आला कुठून? तो अगदीच निराधार नाही. कॅफीन मूत्रपिंडातल्या अडेनोसिन नावाच्या द्रव्याचं काम अडवतं, त्यामुळे थोडं सोडियम परत शोषलं न जाता बाहेर पडतं आणि सोबत पाणी नेतं. पण त्यासाठी मात्रा लागते, आणि शरीराला तिची सवय नसावी लागते. १९२८ सालीच एडी आणि डाउन्स या संशोधकांनी दाखवलं होतं की कॅफीन नियमित घेणाऱ्यात हा परिणाम ओसरतो. लघवी वाढल्याचं स्पष्ट दिसतं ते साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन एकदम घेतल्यावर, आणि तेही मुख्यतः सवय नसलेल्यांत. आजींच्या एका कपात साधारण ३० मिलिग्रॅम धरा. पाच कप आणि एक कॉफी मिळून दिवसभरात दोनशेच्या आसपास, तेही तासातासाच्या अंतराने.

२०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज कॉफी पिणारे ५० पुरुष. तीन दिवस रोज २०० मिलिलिटरचे चार मग कॉफी, आणि दुसऱ्या फेरीत तेवढंच पाणी. शरीरातलं एकूण पाणी दोन्ही वेळा सारखंच राहिलं. हे सगळे पुरुष तरुण किंवा मध्यमवयीन होते, आजींच्या वयाचा त्यात कोणी नव्हता, हे सांगायला हवं. पण वयस्कांना पुरेसं पाणी मिळावं म्हणून काम करणारे तज्ज्ञ चहा-कॉफी मोजतात, कारण कपात बहुतेक पाणीच असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीराकडे राहतं.

[वहीचं नवं पान.]

डॉक्टरांनी चहा परत सुरू करायला सांगितला. साखर बेताची आणि चहा जेवणाबरोबर नको, कारण त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. कॉफी संध्याकाळवरून सकाळी अकरावर आणली, म्हणजे झोप मोडायची नाही. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी संध्याकाळी सहानंतर पाणी टाळायच्या. ते त्यांना सोडायला लावलं नाही. त्याऐवजी सकाळच्या गोळीबरोबरचं अर्धा पेला पाणी पूर्ण पेला केलं, म्हणजे १०० मिलिलिटर जास्त. बाकी दिवस पूर्वीसारखाच. एकूण १६५०.

हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजूनच प्यायला सांगितलंय, त्यांनी हा आकडा घेऊ नये. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतात. उलट्या-जुलाबात तर हिशोबच बदलतो, कारण तिथे पाण्याबरोबर क्षारही जातात आणि चहाने ते भरून येत नाहीत.

[पुन्हा प्रयोगशाळेतलं यंत्र.]

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. सोडियम १३९, पोटॅशियम ४.२, साखर ५.६, युरिया ५.६. हिशोब २९२.४ आला आणि यंत्राने २९४ दाखवलं.

[दुपारचं ऊन. ओट्यावर दोन कप. लेक दोन्हींत चहा गाळते आणि एक आजींसमोर ठेवते. आजी वही जवळ ओढतात, वेळ लिहितात, पुढे १३० लिहितात आणि मग कप उचलतात.]