दोनशे बारची टाकी

[दृश्य: पुण्यातला एक सीएनजी पंप, सकाळ. रांगेतली गाडी पुढे येते, आतली माणसं खाली उतरतात.]

पेट्रोल भरताना आपण गाडीत बसून राहतो, सीएनजी भरताना मात्र सगळ्यांना खाली उतरवतात. ड्रायव्हर, मागच्या सीटवरच्या आजी, झोपलेलं पोर, सगळे. पंपावरच्या माणसाचा हा नियम जाचक वाटू शकतो. तो का आहे, ते डिकीत दिसेल.

[दृश्य: डिकी उघडते. आडवा लोखंडी सिलिंडर. कॅमेरा व्हॉल्व्हवरून सरकत काट्यावर येतो.]

हा सिलिंडर ६० लिटरचा आहे. ६० लिटर म्हणजे आतमध्ये तेवढं पाणी मावेल. गॅस मात्र लिटरमध्ये मोजत नाहीत, किलोत मोजतात. पूर्ण भरला तर यात दहा किलोच्या आसपास गॅस बसतो. तेवढ्यात जी ऊर्जा आहे ती साधारण पंधरा लिटर पेट्रोलइतकी. त्यासाठी पोलादाचा हा सिलिंडर बाळगायचा, त्याचंच वजन ६० किलोच्या घरात.

एवढं जाड पोलाद लागतं, कारण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन नुसत्या दाबानं द्रव होत नाही. त्यासाठी तो शून्याखाली ८२ अंशांपेक्षाही थंड करावा लागतो. गाडीत ते शक्य नाही. मग राहतो एकच मार्ग: वायू वायूच ठेवायचा आणि दाबत जायचं. काटा २०० बारवर थांबतो. कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा हा दाब जवळपास शंभरपट आहे.

[दृश्य: नोझल लावतात. फुस्स आवाज. मीटरवरचे आकडे धावतात, मग मंदावतात.]

भरताना दाबामुळे सिलिंडरमधला गॅस तापतो, आणि तापलेला गॅस जास्त जागा मागतो. म्हणून मे महिन्यात दुपारी भरलेली टाकी पंपावर २०० दाखवते आणि थोड्या वेळानं काटा खाली येतो. गॅस कुठं गेलेला नसतो, थंड झालेला असतो. रिक्षावाले भल्या पहाटे रांग लावतात, त्यात हेही एक कारण आहे.

[दृश्य: टेस्टिंग सेंटर. भिंतीला टेकवलेले सिलिंडर. एकाचा व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडतात.]

आता या फिल्ममधली सर्वात महत्त्वाची जागा. गाडीतला प्रत्येक सीएनजी सिलिंडर दर तीन वर्षांनी इथं यायला हवा. हायड्रो टेस्ट.

आधी उरलेला गॅस सोडतात. व्हॉल्व्ह उघडून काढतात. सिलिंडरचं वजन करतात. मूळ वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं, ते घटलं असेल तर लोखंड गंजून गेलं, हे तिथंच कळतं. मग बारीक दिवा आत सोडून भिंती तपासतात. गॅसमध्ये ओल राहिली असेल तर गंज आतून धरतो, आणि बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी त्याचा पत्ता लागत नाही. "आत खड्डे दिसले की पुढची टेस्ट करतच नाही," तपासणारे काका सांगतात.

[दृश्य: सिलिंडर पाण्यानं भरून पाण्याच्याच टाकीत उतरवतात. झाकण आवळतात. बाजूला काचेची उभी नळी.]

जो पास होतो तो पाण्यात उतरतो. आत पाणी, बाहेर पाणी. आतल्या पाण्याचा दाब वाढवत ३३४ बारपर्यंत नेतात. पोलादही ताणलं जातं. सिलिंडर किंचित फुगतो आणि बाहेरच्या टाकीतलं पाणी ढकलतो. ते या नळीत चढताना बघा.

आता दाब सोडला. पाणी उतरतंय. चांगला सिलिंडर जवळपास होता तसाच मूळ मापाला परत येतो. पाणी मर्यादेपेक्षा वर अडकून राहिलं, तर पोलादाची लवचीकता संपली. असा सिलिंडर कापून टाकायचा, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

आणि हे सगळं पाण्यानं का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्यात फारशी शक्ती साठत नाही. इथं सिलिंडर फाटला तर पाणी सांडतं. गॅस भरताना फाटला, तर माणसं गाडीतून का उतरवतात ते समजतं.

[दृश्य: बॉनेट उघडलेलं. छोटी धातूची पट्टी, तिच्यावर तारीख.]

टेस्टची तारीख या पट्टीवर असते: कम्प्लायन्स प्लेट. सिलिंडरचा नंबर, मागची टेस्ट, पुढची टेस्ट. अनेक पंपांवर ही पाहिल्याशिवाय नोझल लावत नाहीत. जुनी गाडी घेताना आरसी बुकाबरोबर हेही मागा. पट्टीवरचा नंबर आणि सिलिंडरवर ठोकलेला नंबर एकच आहे ना, ते डिकी उघडून स्वतः बघा.

[दृश्य: दुसरी गाडी. स्टेपनीच्या खळग्यात गोल, चपटी टाकी.]

ही टाकी एलपीजीची. हिचं पोलाद पातळ आहे, तरी चालतं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. हे दोन्ही थोड्याशाच दाबात, साध्या तापमानाला द्रव होतात. टाकीत दाब असतो तो ऋतूनुसार चार ते दहा बारच्या आसपास.

पण द्रव तापला की फुगतो, आणि एलपीजी पेट्रोलपेक्षा बराच जास्त फुगतो. म्हणून ५० लिटरच्या टाकीत ४० लिटरच भरतात. ८० टक्के झाले की आतला तरंगता व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. थंडीतल्या सकाळी भरलेले ते ४० लिटर भर उन्हात ४४-४५ होऊ शकतात. जागा उरलेली असते, म्हणून टाकी सुरक्षित राहते.

[दृश्य: बंद शटरपुढे उभी व्हॅन. घरगुती लाल सिलिंडर, रबरी नळी.]

स्वयंपाकघरातला सिलिंडर उलटा करून मोटरनं व्हॅनमध्ये गॅस ओततात, ते बेकायदा आहेच. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. अशा व्हॅनमधून शाळेतली मुलंही जातात.

[दृश्य: गॅरेज. इंजिन सुरू. रेग्युलेटरवर हात.]

आता इंजिन. पेट्रोल थेंबाथेंबानं येतं, वाफ होताना हवा थंड करतं. गॅस मात्र आधीच वायू असतो आणि इंजिनच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो. त्यामुळे सीएनजीवर ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमी पडते. चढावर लगेच जाणवतं. मिथेनचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा खूप वर आहे, पण पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनला त्याचा पुरा फायदा घेता येत नाही.

दोनशे बारवरून दाब उतरवताना रेग्युलेटर गारठतो, म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. एलपीजीच्या व्हेपोरायझरचंही तेच. तिथं तर द्रवाचा वायू करायचा असतो. रेग्युलेटरवर बर्फ धरला तर आधी कूलंट बघा. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावर गॅसवर जाते, म्हणून थोडं पेट्रोल टाकीत हवंच.

[दृश्य: मेकॅनिक फीलर गेज लावतो.]

कोरड्या गॅसमुळे इंजिनातल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती जागा, लवकर झिजते. व्हॉल्व्ह आत बसत जातो, क्लिअरन्स म्हणजे त्याच्या टोकाशी ठेवलेली फट कमी होते, आणि तापलेली गाडी सिग्नलवर थरथरायला लागते. तेव्हा फक्त प्लग बदलून भागत नाही. या पात्यानं क्लिअरन्स मोजून घ्यायचा.